बँकेचे ऑफर कॉल आणि मेसेज बंद कसे करायचे, आणि कामाचे अलर्ट कसे टिकवायचे

"सर, आपल्यासाठी प्री-अप्रूव्हड लोन आहे" हा फोन दुपारी जेवताना आला की माणूस पहिल्यांदा काय करतो, तर नंबर ब्लॉक करतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज. मग कुणीतरी सांगतं डीएनडी लाव, ते लावलं की थोडे दिवस बरं वाटतं आणि परत सुरू. मग आपण म्हणतो डीएनडी काही कामाचं नाही. तसं नाहीये ते, डीएनडी काम करतं, पण अर्धंच काम करतं आणि उरलेलं अर्धं बँकेकडे जाऊन करावं लागतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

मूळ गोष्ट अशी की डीएनडी तुम्ही मोबाईल कंपनीकडे लावता, म्हणजे जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्याकडे, दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाखाली. पण खातं उघडताना, कार्डाचा फॉर्म भरताना, ॲप पहिल्यांदा चालू करताना कुठेतरी खाली बारीक अक्षरात "बँक आणि तिच्या समूहातील कंपन्या मला उत्पादनांची माहिती फोन, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सॲपवर देऊ शकतात" असं काहीतरी असतं आणि आपण टिक करून मोकळे होतो. ही तुमची कन्सेंट झाली. आणि ट्रायच्या नियमात अशी स्पष्ट दिलेली कन्सेंट डीएनडीच्या वर चालते. म्हणजे तुम्ही डीएनडीच्या 1909 या नंबरला कितीही सांगा, बँक म्हणणार की साहेबांनी आम्हाला परवानगी दिलेली आहे. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी बँकेकडची कन्सेंट काढायची, मग डीएनडी, मग तरी जे येईल त्याची तक्रार. बहुतेक लोक मधूनच सुरू करतात आणि वैतागतात.

आधी बघा तुम्हाला नक्की काय येतंय

काहीही बंद करायच्या आधी मेसेजच्या यादीत जा आणि बँकेचे मागच्या महिन्याभराचे मेसेज बघा. पाठवणाऱ्याचं नाव असं दिसतं, समजा `VM-ABCBNK-S` (बँकेचं नाव मी काल्पनिक घेतलंय). पहिल्या दोन अक्षरांत मोबाईल कंपनी आणि सर्कल, ते आपल्या कामाचं नाही. आपल्या कामाचं आहे शेवटचं अक्षर. `P` म्हणजे प्रमोशनल, ऑफर विकायला आलेला. `S` म्हणजे सर्व्हिस, तुमच्या खात्याशी संबंधित माहिती. `T` म्हणजे ट्रान्झॅक्शनल, ओटीपी वगैरे. `G` म्हणजे सरकारी. ट्रायने 2025 च्या दुरुस्तीत ही अक्षरं सक्तीची केली, त्यामुळे आता एका नजरेत कळतं.

डीएनडीने फक्त `P` वाला प्रकार थांबतो. तुमचा ओटीपी, पैसे कटल्याचा मेसेज, हे डीएनडीने बंद होत नाहीत, ही भीती खूप जणांना असते आणि त्या भीतीने ते डीएनडी लावतच नाहीत. निर्धास्त लावा. पण एक गंमत बघायला मिळते, ती म्हणजे `S` लावून आलेला मेसेज आणि आत मजकूर "आपल्यासाठी 5 लाखांचं लोन तयार आहे". हे चुकीच्या प्रकारात घुसवलेलं प्रमोशन आहे, आणि असा मेसेज दिसला तर तो डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुढे तक्रारीला उपयोगी पडतो.

कॉलचंही तसंच बघायचं. नोंदणीकृत प्रमोशनल कॉल `140` ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. बँकांच्या सर्व्हिस आणि व्यवहाराच्या कॉलसाठी `1600` ने सुरू होणारी मालिका ठेवलेली आहे, आरबीआयने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात बँकांना हे पाळायला सांगितलं. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून कुणी "मी बँकेतून बोलतोय" म्हणत लोन किंवा कार्ड विकत असेल तर तो एकतर नियमाबाहेर काम करणारा एजंट आहे किंवा सरळ फसवणूक करणारा. दोन्हीकडे तुम्ही माहिती द्यायची नाही. आणि उलटही लक्षात ठेवा, 1600 दिसला म्हणून ओटीपी सांगायचा असं नाही, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

बँकेकडची कन्सेंट काढणं, इथे वेळ द्या

आता मुख्य काम. नेटबँकिंग किंवा ॲपमध्ये लॉगिन करा आणि प्रोफाईल किंवा सेटिंगमध्ये जा. प्रत्येक बँकेत नाव वेगळं असतं, कुठे "कम्युनिकेशन प्रेफरन्सेस", कुठे "कन्सेंट", कुठे "प्रायव्हसी", कुठे "डू नॉट कॉल" असं वेबसाईटवर वेगळं पान. सापडत नसेल तर ॲपमधल्या सर्चमध्ये `consent`, `preferences`, `DND`, `offers` असे एकेक शब्द टाकून बघा, एकात तरी निघतं. तिथे साधारणपणे फोन, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सॲप असे वेगवेगळे टॉगल असतात. घाईत सगळे बंद करत सुटू नका, आधी प्रत्येकाखालचा मजकूर वाचा, कारण एकाच पानावर ऑफरचे आणि व्यवहार अलर्टचे टॉगल शेजारी शेजारी असू शकतात.

आणखी एक जागा लोक विसरतात ती म्हणजे "समूहातील कंपन्या". बऱ्याच बँकांची स्वतःची विमा कंपनी, म्युच्युअल फंड कंपनी, शेअर ब्रोकिंग कंपनी असते. बँकेच्या ऑफर बंद केल्या तरी विमा कंपनी तुमच्या नंबरवर फोन करतच राहते कारण ती कन्सेंट वेगळी नोंदलेली असते. तो टिक वेगळा शोधा. क्रेडिट कार्ड असेल तर त्याचं ॲप किंवा पोर्टल वेगळं असू शकतं, तिथेही हेच परत करायचं.

टॉगल मिळालाच नाही किंवा मिळूनही फोन चालू राहिले तर लेखी कळवा. ॲपमधल्या सिक्युअर मेसेजमधून किंवा बँकेच्या तक्रारीच्या अधिकृत ईमेलवर. फोनवर एजंटला सांगून भागत नाही, "हो मॅडम, नोंद केली" म्हणतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीचा असतो आणि त्याच्यासमोर फक्त आजची यादी असते. मजकूर असा लिहिला तरी पुरे:

"मी आपल्या बँकेची/चा खातेदार आहे, ग्राहक क्रमांक अमुक. या नंबरवर बँकेच्या, समूहातील कंपन्यांच्या आणि बँकेच्या एजंटांच्या जाहिरात कॉल, एसएमएस, ईमेल आणि व्हॉट्सॲपसाठी मी पूर्वी दिलेली परवानगी आजपासून मागे घेत आहे. माझा नंबर आपल्या अंतर्गत 'डू नॉट कॉल' यादीत टाकावा. व्यवहाराचे, सुरक्षेचे आणि खात्यासंबंधीचे अलर्ट चालू ठेवावेत. तक्रार क्रमांक कळवावा."

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. अलर्ट चालू ठेवा असं लिहिलं नाही तर एखादा उत्साही कर्मचारी सगळंच बंद करून टाकेल, आणि तक्रार क्रमांक नसेल तर पुढे तुमच्याकडे पुरावा नसतो. इंग्रजीतच लिहायला पाहिजे असंही काही नाही, मराठीत लिहा.

प्रमोशनल मेसेजमध्येच ऑप्ट-आउटचा पर्याय द्यावा लागतो असाही नियम 2025 पासून आहे, तो दिसला तर वापरा. तुम्ही एकदा नाही म्हटलं की पुढचे 90 दिवस त्याच पाठवणाऱ्याने परत कन्सेंट मागायची नाही अशी तरतूद आहे. फक्त लिंक कुठली आहे ते बघा, `P` नसलेल्या किंवा साध्या मोबाईल नंबरवरून आलेल्या मेसेजमधल्या "अनसबस्क्राईब" लिंकवर क्लिक करू नका.

`127` ने सुरू होणाऱ्या छोट्या नंबरवरून कन्सेंटबद्दल मेसेज आला तर लगेच फसवणूक समजून घाबरू नका. ट्राय आणि आरबीआय मिळून कन्सेंट डिजिटल पद्धतीने एका जागी आणायचा प्रयोग बँकांसोबत करतायत, त्यातून तुम्ही कोणाला परवानगी दिलीय ते बघून काढता येतं. पण तिथेही कुणी पिन, ओटीपी किंवा कार्ड नंबर मागितला तर बंद करायचं, कन्सेंट काढायला त्याची गरजच नसते.

आता डीएनडी

सगळ्यात सोपं आहे हे. ज्या नंबरसाठी पाहिजे त्याच सिमवरून 1909 ला मेसेज पाठवायचा:

```
START 0
```

याने सगळ्या प्रकारचं प्रमोशन बंद होतं. दोन सिम असतील तर दोन्हीवरून वेगवेगळा पाठवा, आणि मेसेज कुठल्या सिमवरून जातोय ते बघा, ड्युअल सिमच्या फोनमध्ये तिथेच चूक होते. कन्फर्मेशन मेसेज येईल तो ठेवा आणि आठवडाभर तरी थांबा, पहिल्या दिवसापासून शांतता होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता समजा सगळं नाही, फक्त बँकिंग-विमा-कार्ड हा वर्गच बंद करायचा आहे किंवा कॉल नको पण मेसेज चालतील, तर ट्रायचं DND ॲप किंवा तुमच्या मोबाईल कंपनीचं ॲप वापरा. तिथे वर्ग, माध्यम, वार, वेळ असं वेगवेगळं निवडता येतं. मेसेजने आकडे टाकून हे करायला जाऊ नका असं मी सांगेन, कारण इंटरनेटवर `START 1` वगैरेची जी जुनी यादी फिरते त्यात आकड्याचा अर्थ "हा वर्ग मला पाहिजे" असा होता आणि लोक तो "हा वर्ग बंद" समजून पाठवतात. म्हणजे बँकेच्या जाहिराती बंद करायला गेले आणि फक्त बँकेच्याच जाहिराती चालू ठेवल्या असा उलटा कारभार.

व्हॉट्सॲप, ईमेल आणि ॲपच्या नोटिफिकेशन

हे डीएनडीच्या बाहेर आहे सगळं. व्हॉट्सॲपवर बँकेच्या चॅटमध्ये वर नावावर टॅप केलं की ऑफर आणि घोषणा थांबवण्याचा पर्याय मिळतो, पूर्ण ब्लॉक करायच्या आधी तो वापरा, कारण कधी कधी स्टेटमेंट आणि बॅलन्स पण त्याच चॅटवर मिळतं. ईमेलला खाली अनसबस्क्राईब असतं. ॲपच्या नोटिफिकेशन अँड्रॉइडमध्ये बऱ्याचदा वेगवेगळ्या चॅनेलमध्ये विभागलेल्या असतात, सेटिंगमध्ये जाऊन "प्रमोशन" किंवा "ऑफर्स" असं नाव असलेलं चॅनेल बंद करा, व्यवहाराचं चालू राहू द्या. सगळं बंद हे बटण दाबू नका.

फोनमध्येच पाठवणाऱ्याला ब्लॉक करणं हा शेवटचा उपाय समजा. `P` वाला पाठवणारा ब्लॉक केला तर चालतं, पण `S` किंवा `T` वाला चुकून ब्लॉक झाला तर तुमचे पैसे कटल्याचं कळणारच नाही. आणि महिन्यातून एकदा स्पॅम फोल्डर उघडून बघा, फोन स्वतःच्या मनाने बँकेचे खरे अलर्टही तिथे ढकलतो.

काय चालू ठेवायचं

खरा निर्णय इथे आहे, कारण बंद करण्याच्या नादात लोक कामाचंही बंद करतात. पैसे कटल्याचा अलर्ट हा सुरक्षेचा भाग आहे, नुसती माहिती नाही. आरबीआयच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुठल्यातरी जागी झालेल्या गडबडीमुळे तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले, म्हणजे चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य धरलं जातं. चार ते सात दिवस झाले की तुमच्यावर ठराविक मर्यादेपर्यंत भार येतो, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आता कळवायचं कधी, तर कळल्यावर, आणि कळतं कशाने, तर त्या मेसेजने. म्हणून हा मेसेज येणारा नंबर आणि ईमेल दोन्ही बँकेत नोंदवलेले असू द्या.

त्यात एक बारीक गोष्ट. काही बँका छोट्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस पाठवत नाहीत, उदाहरणार्थ एचडीएफसी बँकेने जून 2024 मध्ये 100 रुपयांच्या आतल्या यूपीआय खर्चाचे आणि 500 च्या आतल्या जमेचे मेसेज थांबवले. त्यामुळे ईमेल अलर्ट चालू ठेवलात तर छोट्या कटौती तिथे दिसतात. कार्डावर अलर्टची किमान रक्कम निवडता येत असेल तर ती शून्य किंवा एक रुपया ठेवा, कारण चोर आधी छोटी रक्कम कापून बघतो की कार्ड चालतंय का. हा एसएमएस काही बँकांत फुकट असतो, काहींत तिमाहीला थोडे पैसे लागतात, तेवढ्यासाठी बंद करू नका.

दुसरा अलर्ट जो लोक जाहिरात समजून दुर्लक्ष करतात तो म्हणजे ऑटो-डेबिटच्या आधीचा. कार्ड किंवा यूपीआयवर सबस्क्रिप्शन लावलं असेल तर पैसे कटायच्या किमान 24 तास आधी कळवावं लागतं, आणि नको असलेलं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, थांबवायची ती शेवटची सोयीची वेळ असते. बाकी चेक परत येणं, एफडीची मुदत संपणं, पत्ता किंवा मोबाईल बदलल्याची सूचना, नवीन डिव्हाईसवर लॉगिन, केवायसीची मुदत, कार्डाच्या बिलाची तारीख, हे सगळे चालू. मोबाईल नंबर बदलल्याचा मेसेज तुम्ही बदललेला नसताना आला तर त्याच क्षणी बँकेला फोन, उद्या बघू म्हणू नका.

ऑफरपैकी काही ठेवायचंच असेल तर माझं मत असं की एकच माध्यम निवडा आणि ते ईमेल असू द्या. कार्डावरचा कॅशबॅक, सणासुदीची सवलत, एफडीचे नवीन दर हे ईमेलवर सावकाश बघता येतं. कॉलवर मात्र काहीही ठेवू नका, कारण फोनवर घेतलेलं लोन किंवा विमा हा घाईत घेतलेला निर्णय असतो.

एक केस

आमच्या कोल्हापूरच्या मावशी निवृत्त शिक्षिका. एका बँकेत पेन्शनचं खातं, दोन-तीन एफडी आणि एक क्रेडिट कार्ड जे त्या क्वचित वापरतात. त्यांचं म्हणणं "डीएनडी लावलंय तरी रोज फोन, मी काय लोन घेणार या वयात". बघायला बसलो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या.

मेसेज बहुतेक `P` वाले होते आणि बँकेच्या ॲपमध्ये ऑफर आणि "समूहातील कंपन्या" दोन्ही टॉगल चालू होते, बहुधा कार्ड घेताना लागलेले. ते बंद केले, वर दिलेल्या मजकुराचा मेसेज सिक्युअर मेसेजमधून पाठवला, आणि विम्याचे फोन त्यानंतर जवळजवळ थांबले. दुसरं, व्हॉट्सॲपवर बँकेचं चॅट होतं, त्यात ऑफर बंद केल्या, बॅलन्स विचारायची सोय तशीच ठेवली कारण मावशी तेच वापरतात.

तिसरं खरं चिवट होतं. लोनचे फोन सगळे दहा आकडी मोबाईलवरून, आणि प्रत्येक वेळी वेगवेगळ्या बँकेचं नाव. हे बँकेच्या यादीतून येत नव्हते. मावशींना विचारलं कुठे नंबर दिला होता, तर आठवलं की भाच्याच्या मुलाने "मोफत क्रेडिट स्कोअर बघा" म्हणून कुठल्यातरी साईटवर त्यांचा नंबर आणि पॅन टाकला होता. अशा साईटवर स्कोअर मिळतो ते खरं, पण त्याबदल्यात "आमच्या भागीदार बँका आपल्याला संपर्क करू शकतील" ही कन्सेंट जाते. तिथे लॉगिन करून कन्सेंट काढली, अकाउंट डिलीट करायची विनंती टाकली. तरी एकदा बाहेर गेलेला नंबर एजंटांच्या यादीत फिरत राहतो, ते फोन कमी झाले, संपले नाहीत. त्यासाठी तक्रार हाच मार्ग.

एक गोष्ट मात्र त्यांनी हट्टाने ठेवली, एफडीच्या मुदतीचा मेसेज आणि फोन दोन्ही. मला फोन नको वाटत होता, पण त्या म्हणाल्या "मेसेज मी वाचत नाही, फोन उचलते". बरोबर आहे त्यांचं, प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे ठरवायचं. फक्त एवढं सांगितलं की मुदतीचा फोन आला तर हो-नाही फोनवर सांगायचं नाही, ब्रँचला जाऊन ठरवायचं.

तक्रार कशी करायची

डीएनडी लावून, कन्सेंट काढून आठवडा झाला तरी प्रमोशन आलं, तर 7 दिवसांच्या आत 1909 वर किंवा ट्रायच्या DND ॲपमधून तक्रार करा. पूर्वी ही मुदत 3 दिवस होती, आता वाढलीय. तक्रारीत पाठवणाऱ्याचा नंबर किंवा मेसेजवर दिसणारं नाव, तारीख आणि थोडक्यात मजकूर लागतो. ॲप सोयीचं पडतं कारण तिथे मेसेज थेट निवडता येतो. दहा आकडी साध्या नंबरवरून आलेल्या जाहिरात कॉलची तक्रार डीएनडी लावलेला नसतानाही करता येते.

तक्रार करण्याआधी कॉलवर एवढं विचारून घ्या: कुठली बँक, कुठलं प्रॉडक्ट, तुमची एजन्सी कुठली. "मी बँकेतूनच बोलतोय" एवढंच म्हणून एजन्सी सांगत नसेल तर तेच तक्रारीत लिहा. उलट काही सांगायचं नाही, जन्मतारीख नाही, पगार नाही, "कन्फर्म करायला" शेवटचे चार आकडेही नाही. क्रेडिट कार्डाच्या फोनबाबत एक नियम माहीत असू द्या, आरबीआयच्या 2022 च्या निर्देशांनुसार कार्ड विकणाऱ्या टेलिकॉलरने सकाळी 10 ते संध्याकाळी 7 याच वेळात फोन करायचा, त्याबाहेर आला तर वेळेसकट नोंदवा. आणि न मागता कार्ड पाठवणं तर सरळ बंद आहे, असं कार्ड आलं तर ॲक्टिव्हेट करू नका, बँकेला लेखी कळवा.

फोन फसवणुकीचा वाटला, म्हणजे खातं ब्लॉक होईल, केवायसी आज संपतेय, लिंक उघडा असा प्रकार, तर ती जाहिरात नव्हेच. तो sancharsaathi.gov.in वरच्या चक्षू सुविधेत नोंदवा, आणि पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, बाकी सगळं नंतर.

बँकेला लेखी कळवून तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही झालं तर cms.rbi.org.in वर आरबीआय लोकपालाकडे तक्रार टाकता येते. तिथे बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि तुम्ही पाठवलेला मजकूर लागतो, म्हणून तो पहिला ईमेल जपून ठेवा. एक फरक लक्षात घ्या, कॉल कुठल्या नंबरवरून आला, डीएनडी मोडलं का, हा मोबाईल कंपनीकडचा विषय आहे, आणि बँकेने परवानगी काढूनही विकत राहणं हा बँकेकडचा. दोन्ही एकाच ठिकाणी टाकल्या तर ते तुम्हाला एकमेकांकडे पाठवत बसतात.